पार्टी आणली, व्यवहार मोडला. मग दलालीचं काय?

मे १९४३. कलकत्त्यातल्या अमरतल्ला स्ट्रीटवर सत्तावीस नंबरच्या मालमत्तेचा मालक एका दलालाला पत्र देतो. पत्र छोटं आहे, पण आजही घर विकायला काढणाऱ्यानं वाचावं असं आहे. मालक म्हणतो: ही मालमत्ता किमान एक लाख रुपयांना विकण्यासाठी बोलणी करण्याचा अधिकार मी तुम्हांला देत आहे. मालकी हक्काची कागदपत्रं निर्दोष करून देण्याची जबाबदारी माझी. एक लाखाला गिऱ्हाईक मिळवून दिलंत तर तुमचे एक हजार रुपये. एक लाखाच्या वर एक लाख पाच हजारांपर्यंत जे मिळेल ते सगळं तुमचं, शिवाय ते हजार आहेतच. त्याहून जास्त किंमत आली तर त्या जास्तीच्या रकमेतले पंचवीस टक्के, आणि आधीचे सहा हजार. मुदत एक महिना.

दलालानं महिनाभरात एक लाख दहा हजार द्यायला तयार असलेले खरेदीदार उभे केले. पत्रातल्या हिशेबानं त्याची दलाली सहा हजार अधिक जास्तीच्या पाच हजारांचे पंचवीस टक्के, म्हणजे सात हजार दोनशे पन्नास रुपये झाली. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती, आणि मालकाला ती डोळ्यांत आली असावी. कारण पुढे त्यानं दलालाचा अधिकार काढून घेतला आणि मालमत्ता विकली ती त्याच खरेदीदारांनी पुढे केलेल्या माणसाच्या नावावर, कागदोपत्री एक लाख पाच हजारांना. दलाल कोर्टात गेला. प्रकरण चढत चढत नव्यानं स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि १९५० मध्ये ‘अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसेन मित्तर’ या नावानं निकालात निघालं. दलाल जिंकला.

तो का जिंकला, हे समजून घेण्यासारखं आहे. दलालाला मालकाच्या वतीनं करार पक्का करण्याचा अधिकार होता, असं न्यायालयानं मानलं नाही. बोलणी करायला सांगणं वेगळं आणि सही करायला सांगणं वेगळं. तुमच्या एजंटानं परस्पर ‘डील डन’ म्हटलं म्हणून तुमचं घर विकलं गेलं असं होत नाही, हा या निकालातला निम्मा दिलासा आहे. उरलेला निम्मा भाग दलालांसाठी आहे. पत्रात दलाली कशावर ठरली होती? विक्री पूर्ण होण्यावर नव्हे, तर गिऱ्हाईक मिळवून देण्यावर. खरेदीला तयार, राजी आणि ऐपत असलेला माणूस त्यानं मालकासमोर उभा केला, तेव्हाच पत्रातलं त्याचं काम संपलं. नंतर मालकानं काय केलं, हा मालकाचा प्रश्न.

याच्या उलट टोकाचा निकाल इंग्लंडमध्ये १९४१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं दिला होता. दोन चित्रपटगृहं विकून देण्यासाठी मध्यस्थाला दहा हजार पौंड कबूल केले होते, पण ते विक्री पूर्ण झाल्यावर मिळायचे होते. त्यानं खरेदीदार आणला. खरेदीदार तयारही होता. मालकांनी मात्र त्याला विकलंच नाही. मध्यस्थाचं म्हणणं असं की, मालकांनी विनाकारण माघार घ्यायची नाही ही अट करारात गृहीतच धरली पाहिजे. लॉर्ड्सनी ते मानलं नाही. विक्री पूर्ण झाल्यावर पैसे असं ठरलं होतं आणि विक्री पूर्ण झाली नव्हती. एवढी मोठी दलाली घेणारा माणूस तेवढी जोखीमही घेत असतो, अशी त्यामागची विचारसरणी होती.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दलालीचा कायदा कुठे वसलेला आहे ते कळतं. तो कलमांमध्ये कमी आणि तुमच्या-त्याच्यात काय बोलणं झालं त्या एका वाक्यात जास्त आहे. आपल्याकडे गंमत अशी की हे वाक्य बहुतेक वेळा बोललंच जात नाही. ‘ब्रोकरेज एक टक्का, दोन्हीकडून’ एवढ्यावर सगळं भागतं. एक टक्का कशावर ते कळतं, कधी ते कुणीच विचारत नाही.

वेगळं काही ठरलेलं नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २१९ लागू होतं. ते सांगतं की खास करार नसेल तर एखादं काम करण्याचा मोबदला ते काम पूर्ण होईपर्यंत एजंटाला देय होत नाही. म्हणून तोंडी ठरलेल्या एक टक्क्याच्या व्यवहारात विक्री कागदोपत्री पार पडेपर्यंत दलालाला हट्टानं पैसे मागता येत नाहीत. त्याला त्याआधी पैसे हवे असतील तर ते त्यानं आधी ठरवून घ्यायला हवं. करार तोंडी असला तरी चालतो, कायदा लेखी कागदाची सक्ती करत नाही. मात्र तोंडी करार सिद्ध करण्याची वेळ आली की सगळं व्हॉट्सअॅपवरच्या संदेशांवर येऊन ठेपतं.

आता एक उदाहरण घेऊ. उदाहरण बेतलेलं आहे, पण कल्याण-डोंबिवलीकडे रिसेलमध्ये वावरणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. एका बाईंना आपला वन बीएचके विकायचा आहे. मागणी अठ्ठ्याहत्तर लाखांची. एजंट पार्टी आणतो, घासाघीस होऊन पंचाहत्तर लाखांवर सौदा ठरतो. एक टक्का म्हणजे पंचाहत्तर हजार विकणाऱ्या बाईंकडून आणि तेवढेच घेणाऱ्याकडून. घेणारा एक लाख टोकन देतो, आणि ते एजंटाकडेच राहतं. ‘ताई, पार्टी एकदम जेन्युइन आहे, पंधरा दिवसांत साठेखत करून टाकू,’ एजंट सांगतो. बँकेचा वकील कागद मागतो आणि तिथे गाडं अडतं. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही, ज्याला सगळे ओसी म्हणतात ते. बँक कर्ज नाकारते. घेणाऱ्याकडे रोख पंचाहत्तर लाख अर्थातच नाहीत. व्यवहार मोडतो. एजंट म्हणतो, ‘मी माझं काम केलं. कागद तुमचे खराब निघाले त्याला मी काय करू? निदान निम्मं ब्रोकरेज तरी द्या.’

यात तीन प्रश्न आहेत. पहिला, ठरलं काय होतं? ‘एक टक्का’ एवढंच ठरलं असेल तर कलम २१९ प्रमाणे काम अपुरं आहे आणि दलाली देय नाही. ‘टोकन आल्यावर एक टक्का’ असं विकणाऱ्या बाईंनी लिहून दिलं असेल तर मात्र तो खास करार झाला, आणि एजंटाची बाजू भक्कम होते.

दुसरा प्रश्न, व्यवहार कुणामुळे मोडला? ‘गिऱ्हाईक मिळवून दिल्यावर’ असे शब्द असते, तर त्या गिऱ्हाइकाची ऐपत हवी. ज्याला बँक कर्ज देत नाही त्याला ऐपतदार कसं म्हणायचं, असं बाईंचा वकील म्हणेल. पण बँकेनं कर्ज नाकारलं ते त्याचा पगार पाहून नव्हे, बाईंच्या इमारतीचे कागद पाहून. कलकत्त्याच्या पत्रात मालकानं ‘कागद निर्दोष करून देईन’ असं लिहून दिलं होतं, ते आठवावं. अशी हमी विकणाऱ्यानं दिली असेल तर तिचा भंग झाल्यावर ‘गिऱ्हाइकाकडे पैसे नव्हते’ हे कारण त्याला सहजासहजी पुढे करता येणार नाही. म्हणून विकणाऱ्यानं घर बाजारात काढण्याआधी ओसी, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी आपणच तपासून घ्यावी. दलालासमोर आपली बाजू लंगडी पडते ती इथेच.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: ओसी नाही हे एजंटाला माहीत होतं का? त्या भागात रोज व्यवहार करणाऱ्या माणसाला कुठल्या इमारतींना ओसी आहे आणि कुठल्यांना नाही हे साधारण माहीत असतं. एजंटानं त्या धंद्यातल्या माणसाकडून अपेक्षित कौशल्यानं आणि काळजीनं काम केलं पाहिजे, असं कलम २१२ सांगतं. तो घेणाऱ्याकडूनही टक्का घेणार असेल तर घेणाऱ्याचाही तो एजंट झाला, आणि मग ही माहिती दडवणं हा त्याचा स्वतःचा कसूर झाला. कलम २२० तर आणखी पुढे जातं. ज्या कामात एजंटानं गैरवर्तन केलं त्या भागाचा मोबदला त्याला मिळतच नाही. कायद्यातलंच एक उदाहरण आहे: एकाला एक हजार रुपये वसूल करायला नेमलं, त्याच्या गैरवर्तनामुळे वसुली बुडाली, तर त्याला मोबदला नाही आणि नुकसानही त्यालाच भरून द्यावं लागेल.

राहिलं ते एक लाखाचं टोकन. ते एजंटाच्या कपाटात आहे आणि तो त्यातून ‘आपले’ पंचाहत्तर हजार वळते करून घेऊ पाहतो. एजंटानं मालकाच्या वतीनं मिळालेले पैसे मालकाला द्यायचे असतात. स्वतःचा मोबदला त्यातून कापून घेण्याची मुभा कलम २१७ देतं, पण फक्त देय झालेला मोबदला. म्हणजे गोष्ट पुन्हा कलम २१९ पाशी येते. काम अपुरं, तर दलाली देय नाही. आणि देय नाही, तर कापून घेणंही नाही. एजंटानं टोकन घेणाऱ्याच्या वतीनं धरून ठेवलं होतं असं मानलं, तर विकणाऱ्या बाईंच्या नावावर त्यातून कापणं आणखीच अवघड. टोकन थेट विकणाऱ्याच्या खात्यात चेकनं किंवा ऑनलाइन घ्यावं आणि विसारपावतीवर ‘कागदांअभावी बँकेचं कर्ज न मिळाल्यास परत’ असं लिहावं. या एका गोष्टीनं पुढचा निम्मा वाद टळतो.

दलालीचे बरेच वाद मात्र मोडलेल्या व्यवहारांतून येत नाहीत, जुळलेल्या व्यवहारांतून येतात. एजंट जानेवारीत घर दाखवतो, काही ठरत नाही. एप्रिलमध्ये तोच माणूस ते घर दुसऱ्या एजंटामार्फत दोन लाखांनी कमी भावात घेतो. पहिला एजंट येऊन म्हणतो, ‘घर आधी मी दाखवलं होतं.’ आधी दाखवणं पुरेसं नसतं. त्याच्या खटपटीतूनच व्यवहार जुळला का, हे पाहिलं जातं. त्याची बोलणी संपून गेली होती आणि दुसऱ्यानं नव्यानं बसून भाव जुळवला असेल तर पहिल्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. पण मालकानं आणि खरेदीदारानं दलाली वाचवण्यासाठी त्याला मधूनच काढून टाकलं, महिनाभर थांबून मेव्हण्याच्या नावावर खरेदीखत केलं, तर ती कलकत्त्याचीच गोष्ट झाली, आणि तिचा शेवट काय झाला ते वर आलंच आहे.

म्हणूनच हल्ली एजंट घर दाखवायला नेण्याआधी व्हिजिट फॉर्मवर सही घेतात. सही करण्याआधी फॉर्म वाचा. ‘या जागेचा व्यवहार सहा महिन्यांत झाल्यास ब्रोकरेज देणे बंधनकारक’ अशा अर्थाची ओळ त्यात असेल तर तोही करारच. ओळ अन्यायाची आहे असं मी म्हणणार नाही, उन्हातान्हात दहा घरं दाखवणाऱ्या माणसाला आपलं संरक्षण करण्याचा हक्क आहे. पण ती ‘जागेच्या’ व्यवहाराबद्दल आहे की ‘या एजंटामार्फत’ झालेल्या व्यवहाराबद्दल, हे पाहून घ्यावं. पहिल्या शब्दांत तुम्ही दोन एजंटांना दलाली देण्याच्या कचाट्यात सापडू शकता.

आता एजंटाच्या कर्तव्यांकडे वळू. आपल्याकडे ‘मला हातात बहात्तर द्या, वरचे तुमचे’ असं विकणारे सर्रास म्हणतात. त्यात बेकायदा काही नाही. कलकत्त्याच्या मालकानं एक लाखाच्या वरचं जवळपास हेच केलं होतं. मालकानं उघडपणे मान्य केलं की तो मोबदलाच झाला. भानगड होते ती मालकाला माहीतच नसतं तेव्हा. एजंट मालकाला सांगतो की पार्टी बहात्तरच्या वर जात नाही, पार्टीला सांगतो की मालक पंचाहत्तरच्या खाली उतरत नाही, आणि मधले तीन लाख स्वतःकडे वळवतो. एजंटानं मालकाशी संपर्कात राहावं आणि अडचण आली तर त्याच्या सूचना घ्याव्यात, असं कलम २१४ म्हणतं. मालकाला न सांगता स्वतःच्या खात्यावर केलेल्या व्यवहारातला फायदा मालक मागू शकतो, असं कलम २१६ म्हणतं. आणि एजंट घेणाऱ्याकडूनही टक्का घेत असेल तर मालकाच्या संमतीनं घेतलेले ‘वरचे’ सुद्धा घेणाऱ्याला न सांगता ठेवणं मला कायद्यात बसणारं वाटत नाही. एकाच माणसाच्या दोन खिशांत दोन्ही बाजूंची दलाली जाणं हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि दोघांनाही माहीत असेल तर तो चालतो. पण मग त्यानं दोघांनाही खरा भाव सांगितला पाहिजे. हे करणं त्याला अवघड जातं. म्हणूनच मोठ्या व्यवहारात दोन्ही बाजूंनी आपापला वेगळा एजंट घेणं शहाणपणाचं.

एजंटानं घर स्वतःच घेण्याबद्दल कायद्यानं १८७२ सालीच दोन उदाहरणं लिहून ठेवली आहेत, आणि ती आजच्या रिसेल बाजाराला फिट बसतात. एक: मालक एजंटाला मालमत्ता विकायला सांगतो, एजंट दुसऱ्याच्या नावावर ती स्वतःच घेतो. एजंटानं महत्त्वाची गोष्ट लबाडीनं लपवली किंवा विक्री मालकाच्या तोट्याची ठरली, हे मालकाला दाखवता आलं तर तो विक्री रद्द ठरवू शकतो. दोन: तुम्ही एजंटाला एखादं घर घेऊन द्यायला सांगता, तो येऊन सांगतो की मालक विकायला तयार नाही, आणि ते घर गुपचूप स्वतःच घेतो. हे कळल्यावर त्यानं ज्या भावात घेतलं त्याच भावात ते तुम्हांला विकायला तुम्ही त्याला भाग पाडू शकता. मध्यस्थीचा धंदा कसा चालतो हे तेव्हाच्या कायदेकारांना चांगलंच ठाऊक होतं, असं म्हणायला हरकत नाही.

नवीन इमारतींचं गणित वेगळं आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी लागते. महाराष्ट्रात महारेराचा हा नोंदणी क्रमांक A या अक्षरानं सुरू होतो, आणि २०२३ पासून एजंटाला प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्रही मिळवावं लागतं. कलम १० प्रमाणे त्यानं नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्यावर हक्क आहे ती सगळी माहिती आणि कागदपत्रं मिळवून द्यायची. मोडल्यास दंड दिवसाला दहा हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. रेरानं दलालीचा दर मात्र ठरवलेला नाही. शिवाय या व्यवहारात एजंटाला पैसे बहुधा बिल्डर देतो, म्हणून तो स्वतःला ‘चॅनल पार्टनर’ म्हणवतो. तुम्हांला फुकट साईट दाखवायला गाडी पाठवणारा माणूस कुणाचा माणूस आहे, हे त्या शब्दातच आलं. जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट आणि भाड्याचा व्यवहार साधारणपणे या चौकटीबाहेर राहतात. तिथे फक्त १८७२ चा कायदा आणि तुमचा कागद.

कागद म्हणजे दहा पानी करार नव्हे. पाच-सहा ओळी पुरतात, व्हॉट्सअॅपवर पाठवून समोरच्याचं ‘हो’ घेतलं तरी चालतं. उदाहरणार्थ: ‘माझा अमुक फ्लॅट विकण्यासाठी तुम्हांला साठ दिवसांसाठी बोलणी करण्याचा अधिकार देत आहे, सही करण्याचा नाही. दलाली विक्रीच्या किमतीच्या एक टक्का, जीएसटी लागू असल्यास त्यासह. ती सब-रजिस्ट्रार कार्यालयात खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच देय होईल. माझ्या माघारीमुळे व्यवहार मोडल्यास तुम्हांला अमुक रक्कम देईन, अन्य कारणानं मोडल्यास काही देणं नाही. तुम्ही घेणाऱ्याकडूनही दलाली घेत असाल तर ती किती ते मला कळवाल.’ माघारीबद्दलची ओळ एजंटाच्या हिताची आहे आणि ती घालायला कचरू नये. एजंट चारदा चपला झिजवून पार्टी आणतो आणि मालकाचं मन ऐनवेळी बदलतं, हे फार घडतं. मुदत दिली असेल आणि ती संपण्याआधी मालकानं योग्य कारणाशिवाय एजंटाला काढलं, तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, हेही लक्षात ठेवावं. साठऐवजी तीस दिवस लिहिलेले बरे.

भाड्याच्या घरात वाद येतो तो अकरा महिने संपल्यावर. मुंबईत नव्या लीव्ह अँड लायसन्सला एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून देण्याची पद्धत रूढ आहे. करार संपून त्याच भाडेकरूनं त्याच घरात पुढे राहायचं ठरवलं की एजंटाचा फोन येतो: रिन्यूअलचं अर्ध ब्रोकरेज. घरमालक आणि भाडेकरू एकमेकांच्या ओळखीचे झालेले असतात, नवा करार त्यांनी आपसांत ठरवलेला असतो, नोंदणीही ऑनलाइन होते. पहिल्या वर्षी रिन्यूअलच्या दलालीचं काही ठरलेलं नसेल तर एजंटानं या वर्षी कुठलं नवं काम पूर्ण केलं, हा कलम २१९ चाच प्रश्न आहे. काहीच केलं नसेल तर दलाली देय नाही. त्यानं नव्या भाड्याची बोलणी केली, करार तयार करून नोंदणीला माणूस पाठवला, तर तेवढ्या कामाचे पैसे तो मागू शकतो. ते किती, हे फोन आल्यावर नव्हे, पहिल्या वर्षी चाव्या घेतानाच विचारावं.